गुंतवणूक क्लबची पहिली सभा: भाषणात काय बोललात, काय ऐकलंत?

पाटीपेन्सिल

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात मुलांनी गुंतवणूक क्लब काढला आणि उद्घाटनाचं भाषण माझ्या गळ्यात पडलं. समोर साठेक मुलं, बहुतेकांना 'कुठला शेअर घ्यायचा' एवढंच ऐकायचं होतं. मी शेअरचं नावच काढलं नाही, हिशोबाच्या वहीपासून सुरुवात केली. तुमच्या पहिल्या सभेत काय झालं, काय फसलं, ते इथे लिहा. आधी माझं सांगते.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या बिअर्ड्सटाउन या छोट्या गावात 1983 मध्ये काही बायकांनी क्लब सुरू केला. दहा वर्षांत दरसाल 23.4 टक्के मिळवले, असा त्यांचा आकडा होता. त्यावर पुस्तक निघालं, ते तडाखेबंद खपलं. 1998 मध्ये लक्षात आलं की त्या मिळकतीत सभासदांनी भरलेली वर्गणीसुद्धा धरली गेली आहे. लेखापरीक्षकांनी पुन्हा हिशोब मांडला तेव्हा आकडा निघाला 9.1 टक्के. त्याच काळात अमेरिकेच्या बाजाराचा निर्देशांक लाभांश धरून 15 टक्क्यांच्या आसपास वाढला होता. म्हणजे बाजाराच्या मागे राहिलेला क्लब बाजाराला हरवणारा म्हणून गाजला, आणि त्यात कुणी मुद्दाम लबाडी केली होती असंही नाही.

मुलं हसली. मग मी फळ्यावर आमचाच क्लब मांडला. दहा जण, प्रत्येकी 100, जमा 1,000. महिनाअखेर शेअर घसरून 900 झाले. पुन्हा प्रत्येकी 100 आले, एकूण 1,900. विचारलं, "कसं चाललंय आपलं?" मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "मस्त, मॅडम, दुप्पट झाले!" बिअर्ड्सटाउन ऐकून पाच मिनिटंही झाली नव्हती. त्या दिवशीचं माझं भाषण खरं तर तिथेच संपलं. पुढचा तास सगळे मिळून वहीच्या रेघा आखत होतो.

माजी_खजिनदार

मॅडम, तुमचं उदाहरण पुढे नेतो, कारण आम्ही हे दोन वर्षं उशिरा शिकलो.

पहिल्या दिवशी 1,000 चे 100 युनिट करा, एक युनिट 10 चं. 900 झाल्यावर युनिट 9 ला आलं. आता जो 100 भरेल त्याला 10 नाही, 11.11 युनिट द्यायची. दहा जणांची मिळून 111.11 नवी युनिट, एकूण 211.11. पैसे आले म्हणून युनिटची किंमत हलत नाही, ती 9 च राहते. ती हलते फक्त शेअर वरखाली झाले, लाभांश आला किंवा दलाली कापली गेली की. म्हणूनच बिअर्ड्सटाउनची चूक या पद्धतीत होतच नाही.

आमच्याकडे युनिट नव्हती. 'एकूण भागिले माणसं' एवढंच. दुसऱ्या वर्षी चार नवे आले, तिसऱ्या वर्षी तिघे पास होऊन निघाले आणि आपला वाटा मागू लागले. सुरुवातीपासून असलेला आणि सहा महिन्यांपूर्वी आलेला, दोघांना सारखं कसं द्यायचं? रात्री अकरापर्यंत होस्टेलच्या गच्चीवर बँकेची जुनी विवरणं पसरून बसलो होतो. शेवटी हिशोब लागला, पण दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आणखी एक. वाटा द्यायला रोख नव्हती, शेअर विकावे लागले. त्यातल्या एका छोट्या कंपनीच्या शेअरला दिवसाला जेमतेम गिऱ्हाईक असायचं. वहीत शेवटच्या सौद्याचा भाव लिहिला होता, हातात आला त्यापेक्षा बराच कमी. तो फरक कुणी सोसायचा, हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

सूर्यफूल

मी पहिल्या सभेत सूत्रसंचालन केलं होतं! माइक दोनदा बंद पडला आणि पाहुण्यांचं आडनाव मी चुकीचं घेतलं. टीप: आडनाव तळहातावर लिहून ठेवा.

(धागा भाषणाबद्दलच आहे ना? बाकी सगळे हिशोबावर बोलताहेत म्हणून विचारलं.)

उभा_आलेख

युनिटबिनिट जुनं झालं हो. शीटमध्ये तारखा आणि रकमा टाका, भरलेले पैसे उणे, आजची किंमत अधिक, आणि

```
=XIRR(B2:B4, A2:A4)
```

कधी किती भरले हे ते आपोआप धरतं. आम्ही पहिल्याच सभेत पडद्यावर हे दाखवलं, पोरं खूश. पहिल्या महिन्यात आम्ही 80 टक्क्यांवर होतो.

माजी_खजिनदार

उभा_आलेख, सूत्र बरोबर आहे. पण त्या महिन्यात शेअर खरोखर किती वाढले होते? पाचेक टक्के असणार. तीच चाल वर्षभर राहील असं धरून ते वार्षिक आकडा काढतं, म्हणून 5 चे 80 दिसतात. वर्ष व्हायच्या आत तो आकडा पडद्यावर लावू नका, पोरं तोच घरी जाऊन सांगतात. शिवाय सगळ्या पिशवीचं एकत्र सूत्र मांडून पिशवी कशी चालली ते कळतं, त्यात कुणाचं किती ते नाही.

उभा_आलेख

5.1 होते. पडद्यावरून काढतो. पण सूत्र सोडणार नाही.

काठावरची

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे भाषण ऐकणारी. आमच्या पाहुण्यांनी लवकर सुरुवात केली तर म्हातारपणी केवढी रक्कम होते याचा तक्ता दाखवला. मी भारावून घरी गेले आणि मेसच्या पैशांतून शेअर घेतला. तीन आठवड्यांनी मेसचं बिल भरायला तोट्यात विकला. तक्ता चुकीचा नव्हता. लवकर लागणारे पैसे त्यात घालायचे नाहीत, हे मात्र कुणी बोललंच नाही. पाटीपेन्सिलताई, तुमच्या मुलांनी ते 100 कुठून आणले, हे विचारलंत का?

पाटीपेन्सिल

नाही विचारलं. या वर्षी विचारेन.

माजी_खजिनदार, तुमची युनिट मी मुलांकडून करून घेतली आणि तिथे एक पेच निघाला. पुढे 1,900 चे 2,000 झाले. 2,000 भागिले 211.11, युनिट आलं 9.47. एका मुलीने हात वर केला, "मॅडम, मी एकूण 200 भरले, माझ्या 21.11 युनिटचे 200 च होतात. माझा तोटा शून्य. मग युनिट पाच टक्के खाली कसं?"

दोन्ही खरं आहे. निम्मे पैसे घसरणीनंतर आले, त्यांनी ती घसरण पाहिलीच नाही, उलट पुढची वाढ दुप्पट पैशांवर मिळाली. शेअरची निवड कशी झाली हे युनिट सांगतं, आपल्या खिशाचं काय झालं हे सूत्र सांगतं. एवढं समजावलं. पण सूचनाफलकावर कुठला आकडा लावायचा, यावर मतदान झालं आणि 31 विरुद्ध 27 असं सूत्र जिंकलं. मला ते पटलेलं नाही. क्लबने निर्देशांकापेक्षा बरं केलं का, हे बघायला युनिटच हवं, कारण निर्देशांकात कुणी दरमहा वर्गणी घालत नाही.

उभा_आलेख

निर्देशांकाशीच तुलना करायची तर त्याच तारखांना तेवढेच पैसे निर्देशांकात टाकले असते तर किती झाले असते, तो दुसरा स्तंभ मांडा. सूत्र दोन्हीकडे तेच. झाली तुलना.

माजी_खजिनदार

हे चालेल. फक्त लाभांश धरलेला निर्देशांक घ्या, नाहीतर आपले लाभांश मोजून त्याचे सोडले असं होईल. तरी निघणाऱ्याचा वाटा काढायला युनिट लागणारच.

गोगलगाय

सगळं वाचलं. आमची पहिली सभा शुक्रवारी आहे. मग कुठला शेअर घ्यायचा?