मदत हवी आहे: कामाच्या असमान वाटपाबद्दल एचआरला पत्र

नमस्कार मंडळी. मी एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आम्ही चौघं एकाच पदावर, पण पाचवा सोडून गेल्यापासून त्याची बिलं माझ्याच गळ्यात. एचआरला रीतसर तक्रार द्यायची आहे. पहिला मसुदा रागात लिहिला होता, "नेहमी मलाच राबवतात" वगैरे. तो फाडला. आता असं लिहिलंय:

"३ मार्चच्या ईमेलनुसार १४० बिलांपैकी ८२ माझ्याकडे आली, उरलेली ५८ तिघांत वाटली गेली. ५ मार्चला मी मॅनेजरना लेखी कळवले. ७ मार्चला 'बघू' एवढेच उत्तर आले. त्या आठवड्यात तीन दिवस रात्री नऊनंतर निघालो. पंचिंगची नोंद जोडली आहे."

दोन ठिकाणी अडलोय. सहकाऱ्यांची नावं घालावीत की नुसतं "इतर तिघे" पुरे? माझं भांडण त्यांच्याशी नाही. दुसरं, १८ मार्चला मॅनेजरनी आणखी २० बिलं तोंडीच दिली, पुरावा काही नाही. "१८ तारखेच्या आपल्या बोलण्यानुसार" असा ईमेल आज, आजच्याच तारखेने पाठवला तर चालेल, की मुद्दाम केल्यासारखं दिसेल?

शेवटी मागणी एकच ठेवलीये: बिलांचं वाटप दर सोमवारी लेखी व्हावं. कोणी असं पत्र दिलं असेल तर सांगा.