समायोजित सरासरीत 'अ' तुकडी पुढे गेली, मग नवी पद्धत जिंकली म्हणायचं का?

एमएडवाली: प्रबंधासाठी दोन तुकड्यांची वाचन-चाचणी घेतली. 'अ'ला नवी पद्धत, 'ब'ला नेहमीची, पटसंख्या सारखीच. पूर्वचाचणीची सरासरी 40 आणि 50, उत्तरचाचणीची 58 आणि 62. सुरुवातीचा हा फरक हिशेबात धरायला अँकोव्हा केल्यावर समायोजित सरासरी 61 आणि 59 आली. नवी पद्धत सरस, असं लिहू का?

खडूफळा: एवढा खटाटोप कशाला? 'अ' 18 गुणांनी वाढली, 'ब' 12 गुणांनी. सहा गुणांची आघाडी उघड दिसतेय. 61 आणि 59 हे तर तुकडीचे खरे गुणच नाहीत.

आकडेशास्त्री: खरे गुण नाहीत, हे अगदी बरोबर. पूर्वचाचणीत दोन्ही तुकड्यांच्या एकत्र सरासरीइतके, म्हणजे 45 गुण असलेलं मूल प्रत्येक तुकडीत कुठे पोहोचलं असतं, याचा तो अंदाज आहे. तुमच्या आकड्यांवरून उतार 0.6 निघतो, म्हणजे आधीचा एक गुण जास्त असेल तर नंतर 0.6 जास्त. 'अ' 45 पेक्षा पाच खाली, म्हणून तिला 3 मिळाले. 'ब' पाच वर, म्हणून तिचे 3 गेले.

खडूफळा, वाढ मोजताना तुम्हीही उतार धरलाच आहे, फक्त तो 1 धरलाय. उतार 0.4 असता तर दोघी बरोबरीत आल्या असत्या. निकाल एवढा त्या एका आकड्यावर टांगलेला आहे. आणि पूर्वचाचणी कच्ची असेल, मुलांनी अंदाजाने उत्तरं ठोकली असतील, तर उतार खऱ्यापेक्षा सपाट येतो आणि समायोजन अपुरं पडतं.

फिजिओ_नाशिक: आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले होते. सुरुवातीच्या वेदनेत लक्षणीय फरक नव्हता, म्हणून मार्गदर्शकांनी ती विश्लेषणातून वगळायला लावली. तुम्हीही आधी तीच तपासणी करा.

आकडेशास्त्री: नको. चिठ्ठ्या टाकल्या असतील तर जो फरक दिसतो तो योगायोगाचाच असतो, त्याची लक्षणीयता तपासून काय मिळणार? सुरुवातीची वेदना ठेवली असती तर तुमचा अंदाज अधिक नेमका झाला असता. एमएडवालीचं दुखणं वेगळं आहे. तिच्या तुकड्या आधीपासूनच वेगळ्या आहेत. 1967 मध्ये फ्रेडरिक लॉर्ड यांनी हाच पेच मांडला होता: एकाच माहितीवर एक जण वाढ मोजतो, दुसरा समायोजन करतो, आणि दोघांचे निष्कर्ष जुळत नाहीत.

खडूफळा: मग माझंही चूक नाही!

आकडेशास्त्री: चूक नाही, पण कोणतं गृहीतक धरायचं ते आकडे सांगत नाहीत. 'अ'ची मुलं नेहमीच्या पद्धतीनेही किती वाढली असती, हे शाळेतलं माणूसच सांगू शकेल. आधी दोन्ही तुकड्यांचे ठिपके एकाच आलेखावर काढा. 45 च्या आसपास दोन्हीकडची मुलं आहेत का? रेषा समांतर आहेत का? नसतील तर दोन गुणांचा हा फरक फक्त 45 पुरताच खरा.

एमएडवाली: काढला. 'अ'मध्ये 45 च्या वर तीनच मुलं आहेत. आणि दोन्ही तुकड्यांना शिक्षिका वेगळ्या होत्या, हे आता लक्षात येतंय.

आकडेशास्त्री: शिक्षिकेचा गुण आणि पद्धतीचा गुण या आकड्यांतून वेगळा निघणार नाही, अँकोव्हानेही नाही. 'सरस' हा शब्द काढा.

खडूफळा: मी मात्र 18 आणि 12 लिहिलंच असतं.