मदत हवी आहे: थंबनेलवर क्लिक येतात, पण लोक 30 सेकंदही थांबत नाहीत

माझे व्हिडिओ 40-45 मिनिटांचे, जुनी घड्याळं दुरुस्त करण्याचे. परवाच्या थंबनेलवर गंजक्या चाकाचा क्लोजअप आणि 'दात तुटला' एवढंच टाकलं. क्लिक रेट 3 वरून 6 टक्क्यांवर गेला, पण 30 व्या सेकंदाला 45 टक्केच लोक उरले. एरवी 62 असतात. आलेख 8 व्या सेकंदाला घसरतो, नेमका माझा लोगो फिरायला लागतो तिथे (हौसेने बनवलेला, काय सांगू). आणि ते चाक दिसतं थेट 11 व्या मिनिटाला!

आता यूट्यूबच्या एडिटरमधून लोगो कापता येईल, पण नवा शॉट पुढे जोडता येत नाही. मग कापून बघू की थंबनेलच बदलू? आणि पुढच्या वेळी सुरुवातीला तुटलेलं चाक दाखवावं की दुरुस्त झालेलंही? शेवट आधीच दिसला तर थांबतील का लोक?