भिंत एकटी पुरत नाही

> "हेटरोसिस्टची जाड भिंत ऑक्सिजन अडवते, मग नायट्रोजन आत कसा जातो?"

हेटरोसिस्ट म्हणजे नील-हरित जीवाणूंच्या साखळीतली नायट्रोजन स्थिर करणारी खास पेशी. हे काम करणारं नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून तो अडवावा लागतो. पण भिंत वायू निवडत नाही. दोन्ही रेणू साधारण सारख्याच आकाराचे, त्यामुळे भिंतीतला ग्लायकोलिपिडचा, म्हणजे मेदासारखा, थर दोघांनाही सावकाशच आत सोडतो. खरी मेख आत आहे. झिरपलेला ऑक्सिजन श्वसनाची विकरं लगेच वापरून टाकतात, नायट्रोजन उरतो. या श्वसनासाठी लागणारी साखर शेजारच्या पेशी पुरवतात. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन काढणारी प्रकाशप्रणाली २ इथे बंद असते. प्रणाली १ मात्र चालू राहते आणि प्रकाशातून एटीपी देते.

अ‍ॅनाबीना या नील-हरित जीवाणूचे काही उत्परिवर्ती प्रकार हेटरोसिस्ट बनवतात, पण हा थर घालू शकत नाहीत. साध्या हवेत ते नायट्रोजन स्थिर करू शकत नाहीत. ऑक्सिजन काढून टाकला की त्यातल्या बऱ्याच प्रकारांत नायट्रोजिनेज काम करू लागतं. म्हणजे विकर शाबूत, ऑक्सिजन आत येण्याचा वेग तेवढा हाताबाहेर गेलेला. मला हा पुरावा फार पटतो.

सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघा: दर १०–२० पेशींमागे एक फिकट, जाड कडेची पेशी, आणि शेजाऱ्यांना जोडणाऱ्या अरुंद टोकांशी चमकणारा एकेक ठिपका. तो सायनोफायसिनचा, म्हणजे साठवलेल्या नायट्रोजनचा.