प्रतिसाद: व्याख्या उचलताना

> "अपलोड केलेल्या चॅप्टरमध्ये लिमिट हा शब्द खूपदा येतोय, व्याख्या नेमकी कुठली घ्यायची?"

सर्चमध्ये आलेलं पहिलं वाक्य घेऊ नका, ते बहुतेक वेळा "x हा a च्या जवळ जातो" असलं नुसतं समजवायला लिहिलेलं असतं. ε आणि δ जिथे येतात ती चौकट गाठा आणि जशीच्या तशी उतरवा, 0 < |x − a| < δ मधला तो 0 < सकट. लोक नेमका तोच गाळतात. मग f(x) = x², पण f(2) = 7 असं घेतलं की 2 पाशी लिमिट 4 आहे तरी व्याख्या नाही म्हणते, कारण x = 2 पण आत घुसतो. आणि हो, चौकटीच्या वरची एकदोन वाक्यंही बघा, f कुठे डिफाइन्ड हवं ही अट कित्येकदा तिथेच असते, तीही कोट करा.