मदत हवी आहे: १०० किलोहर्ट्झला लिसाजू आकृतीतून फेज जास्त येतेय

सावनी_टीवाय

नमस्कार. टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय फिजिक्स. एका प्रॅक्टिकलमध्ये दोन दिवस अडकलेय, कोणी वाट दाखवली तर फार बरं होईल.

सर्किट साधं आहे. १ किलोओहमचा रेझिस्टर, पुढे कपॅसिटर, त्याचं दुसरं टोक ग्राउंडला. जनरेटरमधून साइन सिग्नल. सीआरओ जुना, ॲनालॉग, २० मेगाहर्ट्झचा. कपॅसिटरवरचं व्होल्टेज CH1 ला दिलंय, सर्किटचा इनपुट CH2 ला. X-Y मोडमध्ये आमच्याकडे CH1 म्हणजे X.

आधी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ किलोहर्ट्झ घेतले. तिरकं लंबवर्तुळ आलं. त्याची पूर्ण उंची ६ डिव्हिजन, आणि मधली उभी रेषा ते वर-खाली जिथे कापतं तिथलं अंतर ३.२. भागाकार ०.५३३, म्हणजे ३२.२ अंश. `tan φ = 2πfRC` ने ३२.१ येतात. खूप आनंद झाला.

मग १ नॅनोफॅरड लावला आणि १०० किलोहर्ट्झ केले. कपॅसिटर शंभर पट लहान, वारंवारता शंभर पट मोठी, म्हणजे उत्तर तेच यायला हवं. पण उंची ६ आणि कापलेलं अंतर ३.८! म्हणजे ३९.३ अंश. तीनदा केलं, तेच. टाइमबेसवर एक सायकल बरोबर १० मायक्रोसेकंदांची दिसते. हे सात अंश येतात कुठून?

ढगफुटी

व्होल्ट्स/डिव्हिजनच्या नॉबमधली व्हेरिएबल घुंडी बघ. ती CAL वर नसेल तर सगळी मापं चुकतात, आमच्या लॅबमध्ये नेहमीचं आहे हे. आणि आकृती पडद्याच्या मधोमध आहे ना? दोन्ही चॅनेल GND वर टाकून ठिपका बरोबर मध्ये आण, मग मोज.

सावनी_टीवाय

घुंडी CAL वरच होती. ठिपका मध्ये आणून परत मोजलं. ३.८ च.

जुना_सोल्डर

ढगफुटी, मधोमध आणायचा सल्ला योग्य आहे, पण घुंडीचा इथे संबंध नाही. आपण उंची आणि कापलेलं अंतर दोन्ही उभ्या अक्षावरच मोजतो. उभी पट्टी ताणली तर दोन्ही सारखीच ताणली जातात, भागाकार तोच राहतो. आणि आकृती बाजूला सरकलेली असती तर कापलेलं अंतर कमी भरलं असतं, कारण लंबवर्तुळाच्या मध्यातून जाणारी उभी जीवाच सगळ्यात मोठी. सावनीताईंचा कोन जास्त येतोय, म्हणजे चूक दुसरीकडे आहे.

ताई, दोन गोष्टींवर माझा संशय आहे. पहिली म्हणजे केबल. तुम्ही प्रोब वापरताय की बीएनसी टू क्रोकोडाइल?

सावनी_टीवाय

क्रोकोडाइलवाली, साधारण एक मीटरची. प्रोब लॅबमध्ये एकच आहे, तोही सरांच्या कपाटात.

जुना_सोल्डर

मग एक धागा सापडला. एक मीटर कोॲक्स म्हणजे साधारण १०० पिकोफॅरड, वर सीआरओच्या इनपुटचे २५ एक. हे १२५ तुमच्या कपॅसिटरला समांतर बसतात. ०.१ मायक्रोफॅरडपुढे ते नगण्य, म्हणून पहिलं रीडिंग सुरेख आलं. पण १ नॅनोफॅरडचे ते १.१२५ करून टाकतात. त्याने कोन ३५.३ येतो. म्हणजे सातातले तीन गेले.

उरलेल्या चारांसाठी एक चाचणी करा. सर्किट काढा, जनरेटरचा एकच सिग्नल दोन्ही चॅनेलना द्या आणि १०० किलोहर्ट्झला X-Y बघा. सरळ तिरकी रेषाच यायला हवी. दोन्ही चॅनेलचं कपलिंग DC वर ठेवा.

इन्व्हर्टरवाला

मध्येच विचारतो, माझंही लिसाजूचंच आहे. ६ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरमधून मेन्सचा सिग्नल Y ला आणि जनरेटरचे ५० हर्ट्झ X ला दिले तर आकृती थांबतच नाही. रेष, लंबवर्तुळ, गोल, पुन्हा रेष, अशी लोळत राहते. फेज कशी मोजायची? सीआरओ बिघडलाय का?

जुना_सोल्डर

बिघडलेला नाही, आणि तिथे मोजायला स्थिर फेज नाहीच. सावनीताईंचे दोन्ही सिग्नल एकाच जनरेटरमधून आलेत म्हणून त्यांची आकृती उभी राहते. तुमचे दोन वेगळे उगम आहेत. आपल्या ग्रिडची वारंवारता दिवसभर हलत असते, तिचा ठरवून दिलेला पट्टाच ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. पण लोळण्यातूनही माप मिळतं. तीच तिरकी रेष पुन्हा त्याच बाजूला झुकलेली यायला ८ सेकंद लागले, तर फरक १/८ हर्ट्झ. कोण जास्त ते कळायला जनरेटर किंचित वाढवा. लोळणं वेगाने झालं तर जनरेटर आधीच पुढे होता.

ढगफुटी

जनरेटर १०० वर नेला तर आठचा आकडा दिसतो, तेव्हा वरच्या कडेला किती ठिकाणी टेकतो आणि बाजूच्या कडेला किती ते मोज. X ला १०० असतील तर आठ उभा दिसेल, वर एकदा, बाजूला दोनदा. Y ची वारंवारता भागिले X ची म्हणजे वरचे भागिले बाजूचे.

जुना_सोल्डर

बरोबर. फक्त आकृती उघडी असताना मोजा. लोळता लोळता ती दुमडून नुसती वाटीसारखी कमान होते, तेव्हा डावीकडे-उजवीकडे वेगवेगळे आकडे येतात आणि माणूस फसतो.

सावनी_टीवाय

चाचणी केली! १ किलोहर्ट्झला केसासारखी बारीक रेष आली. १०० किलोहर्ट्झला ती उघडून चपटं लंबवर्तुळ झालं. उंची ६, मध्ये ०.४. भागाकार ०.०६७, म्हणजे ३.८ अंश. सिग्नल एकच असताना!

जुना_सोल्डर

हाच दुसरा चोर. X-Y मोडमध्ये X चा सिग्नल आडव्या ॲम्प्लिफायरमधून जातो, आणि पडद्यावर लिहिलेले २० मेगाहर्ट्झ हे उभ्या बाजूचे असतात. आडवी बाजू त्याहून खूप मंद. मात्र या चपट्या लंबवर्तुळावरून कोणती बाजू मागे पडतेय ते कळत नाही, फक्त किती ते कळतं. म्हणून ३.८ वजा करायची घाई नको. दोन्ही केबल चॅनेलवर अदलाबदल करा, सर्किटला हात न लावता, आणि परत मोजा. एकदा सीआरओची चूक तुमच्या कोनात मिळवली जाते, एकदा वजा होते. दोन्हींची सरासरी घ्या.

सावनी_टीवाय

आता CH2 वर कपॅसिटर, CH1 वर इनपुट. उंची ६, मध्ये ३.१. म्हणजे ३१.१ अंश. सरासरी (३९.३ + ३१.१)/२ = ३५.२. तुमचे ३५.३!!

गंमत म्हणजे मी सुरुवातीपासून असं जोडलं असतं तर ३१.१ आले असते, ३२.१ च्या इतक्या जवळ की मी जर्नल मिटवून घरी गेले असते.

ढगफुटी

घुंडीबद्दल माझंच चुकलं. पण १०२ च्या पुढे K छापलाय का? K म्हणजे ±१० टक्के. तेवढ्यानेच १०० पिकोफॅरड इकडेतिकडे होतात, तुमच्या केबलएवढे. मग ३५.२ केबलमुळेच आले हे कशावरून?

जुना_सोल्डर

रास्त शंका आहे. कपॅसिटर खरंच १.००० असेल हे मी गृहीत धरलं. ताई, टी-कनेक्टर असेल तर कपॅसिटरच्या चॅनेलवर तशीच आणखी एक केबल लटकवा, दुसरं टोक मोकळं ठेवून. केबल १०० पिकोफॅरडची असेल तर सरासरी ३७.६ च्या आसपास सरकायला हवी. यातून केबलचं वजन कळेल. कपॅसिटरचं कळायला मात्र एलसीआर मीटरच लागेल.

सावनी_टीवाय

K च आहे. टी-कनेक्टर सोमवारी मिळेल, रीडिंग इथेच टाकते. एलसीआर मीटर शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात आहे म्हणतात, विचारून बघते.