लाभेश व्ययात, तरी लाभस्थान रिकामं नाही

> "कर्क लग्न, लाभात शनी, लाभेश शुक्र व्ययात. म्हणजे माझ्या पत्रिकेत लाभच नाही असं समजायचं का?"

पैशापुरतं पाहिलंत तर लाभस्थानाचा स्वामी खर्चाच्या घरात, म्हणून आलेला पैसा टिकत नाही, हे खरं. पण एकादशावरून, म्हणजे याच लाभस्थानावरून, मोठं भावंडही पाहतात. त्यासाठी लाभस्थानाला लग्न माना. मग व्ययस्थान हे थोरल्या भावाचं धनस्थान होतं आणि तिथे त्याचा लग्नेश शुक्र बसलेला दिसतो. तुमचा खर्च, भावाची गंगाजळी!

अशीच पत्रिका मालवणच्या एका गृहस्थांची पाहिली होती. थोरला भाऊ मुंबईत स्थिरावलेला, हे गावात. होडीसाठी जमवलेले पैसे त्याच्या खोलीला दिले. पुढे त्याच भावाने होडी घेऊन दिली, पण शुक्राची 20 वर्षांची महादशा निम्मी सरल्यावर. आमच्याकडे म्हणतात तसं, देव देतो पण गाऱ्हाणं घालायला लावून.

उशिराचं कारणही पत्रिकेतच आहे. मेष, कर्क, तूळ, मकर या चर लग्नांना लाभेश हाच बाधकेश असतो. म्हणून इच्छा पुरी करणारा आणि अडवणारा ग्रह एकच. शनीला मात्र घाबरू नका. एकादश हे उपचय स्थान, तिथे पापग्रह वयानुसार सुधारतो. मित्र मोजके, बहुधा वयाने मोठे. रापणीचा, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढायला बोलावलं तर येणारे.

तुम्हीच घरात थोरले असाल तर भावाचा भाग सोडा आणि मित्रांकडूनच पडताळा घ्या. थोरल्या भावंडाचा कारक गुरू कुठे आहे, ते लिहिलं नाहीत.